डायलिसिस टेक्निशियनला काय विचारशील?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं डायलिसिस टेक्नॉलॉजीच्या कोर्सचं माहितीपत्रक नीट वाचलं. विषय कोणते, फी किती, इंटर्नशिप कधी, सगळं आहे त्यात. टेक्निशियन सकाळी किती वाजता घरून निघतो, दिवसभरात किती वेळ उभा असतो, कुठल्या कामाला हात घालायचा त्याला कंटाळा येतो, हे मात्र त्यात असणार नाही. ते फक्त ते काम करणाऱ्या माणसाकडून कळतं. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी तू निदान दोन टेक्निशियन्सशी बोलावंस असं मला वाटतं. कसं बोलायचं हे सविस्तर लिहिते, कारण ज्युनिअर कॉलेजात करिअरचं काम माझ्याकडे असल्यापासून मी मुलांना अशा भेटींना पाठवत आले आहे. भेटीतून माहिती घेऊन येणारी मुलं आणि नुसता चहा पिऊन येणारी मुलं यांतला फरक बहुतेक वेळा प्रश्नांत असतो.

तू म्हणशील, मला काय नवीन, मी आजोबांसोबत डायलिसिसला किती वेळा जाऊन बसले आहे. बसलीस, पण पेशंटच्या बाजूने. आजोबांची खुर्ची, त्यांचा हात, लाल-निळ्या नळ्या, बीपीचा आकडा, इतकंच आपल्याला दिसायचं. आपण पोचायच्या आधी आणि आपण निघाल्यावर त्या हॉलमध्ये काय चालतं ते आपण कधी पाहिलं नाही. आणि नोकरीचा मोठा भाग तिथेच असतो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. 'काम कसं आहे?', 'आवडतं का?', 'स्कोप आहे का?' असले प्रश्न घेऊन जाऊ नकोस. त्यांची उत्तरं ठरलेली असतात: चांगलं आहे, जबाबदारीचं आहे, सेवेचं समाधान मिळतं, स्कोप भरपूर आहे. यात खोटं काही नसतं, पण हीच वाक्यं नर्सला, शिक्षकाला, पोलिसालाही लागू पडतात. ऐकलेलं उत्तर दुसऱ्या कुठल्याही धंद्याला चालत असेल, तर तुला अजून काहीच कळलेलं नाही असं समज.

त्याऐवजी होऊन गेलेला एक दिवस माग. 'काल तुमची कुठली शिफ्ट होती? हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काय केलंत?' आणि ते जे सांगतील त्यापुढे 'मग?' एवढंच विचारत राहा. 'रोज काय करता' म्हटलं की माणूस सरासरी सांगतो, आणि सरासरीत कंटाळा आणि धांदल दोन्ही गळून जातात. कालचा दिवस मात्र क्रमाने आठवतो. कोणी म्हणालं, 'अहो, रोज वेगळं असतं', तर वाद घालू नकोस. 'बरं, मग कालचंच सांगा' म्हण.

आजोबांच्या मशीनवर असायचे त्या सिनियर टेक्निशियन दादांना मी एकदा त्यांची ड्यूटी संपल्यावर कॅन्टीनमध्ये असंच विचारलं होतं. त्यांनी सांगितलेलं मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं, म्हणून तुला इतकं बारकाईने सांगू शकते.

पहिले पेशंट सकाळी साडेसहा-सातला खुर्चीवर येतात, म्हणून पहाटेच्या माणसाला त्याच्या बरंच आधी पोचावं लागतं. आणि पहिलं काम पेशंटचं नसतं, पाण्याचं असतं. मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली द्रावण वाहतं, म्हणजे चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर. रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक बारीक पडदा असतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कार्बनच्या टाकीत अडला नाही, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आरओ प्लांट सुरू करून थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, कार्बन टाकीनंतरचं पाणी घेऊन क्लोरीन तपासायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मगच मशीनकडे वळायचं. दादा म्हणाले, 'नवीन पोरांना वाटतं हे प्लंबरचं काम आहे. पण सुई चुकली तर एका पेशंटला त्रास होतो, पाणी चुकलं तर अख्ख्या हॉलला.' हे आपल्याला आपण होऊन विचारायला सुचलं नसतं. 'मग?' विचारल्यामुळे ते निघालं.

त्यानंतर मशीन धुऊन निघालं का, त्यात जंतुनाशक उरलं नाही ना, हे पट्टी बुडवून पाहायचं. ट्यूबिंग आणि तो बारीक पडदा असलेला डायलायझर जोडून सलाइनने भरायचे आणि हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. याला ते प्रायमिंग म्हणतात. एकेका टेक्निशियनकडे तीन-चार मशीन असली, तर पेशंट यायच्या आत सगळ्यांचं प्रायमिंग व्हायला हवं.

मग पेशंट येतात, आणि सगळे एकदमच येतात. इथे मी दादांना थांबवून एका पेशंटचं सगळं सांगायला लावलं. नाव नको, नुसते आकडे. तूही असंच कर, कारण धांदलीत माणूस नेमकं काय ठरवत असतो ते आकड्यांतूनच कळतं. त्यांनी उदाहरण दिलं: पेशंटचं ड्राय वेट 58 किलो, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. आज काट्यावर 60.5 आलं. अडीच लिटर पाणी वाढलं. शेवटी रक्त परत देताना सलाइन जाणार आणि मधे चहा होणार, त्याचं अर्धा लिटर धर. म्हणजे चार तासांत तीन लिटर काढायचं, तासाला 750 मिली. 58 ने भागलं तर किलोमागे तासाला जवळजवळ 13 मिली येतं, आणि साधारण याच आकड्याच्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. तोच पेशंट लग्नात जेवून 61.5 वर आला, तर हिशोब चार लिटरचा होतो, किलोमागे 17 च्या वर. इतकं पाणी त्या वेळात ओढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात. अशा वेळी टेक्निशियन आपल्या मनाने मशीनवर आकडा टाकत नाही. तो डॉक्टरांना फोन करतो, आणि वेळ वाढवायचा की उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी काढायचं ते तिथे ठरतं. इकडे पेशंट म्हणत असतो, 'काढा हो सगळं, मला परत यायला लावू नका.' त्याच्याशी बोलून त्याला समजावणं हाही त्याच कामाचा भाग.

मग सुई. आजोबांच्या हातावर सुया घालण्यासाठी धमनीला जोडलेली शीर होती, त्या फिस्टुलावर दादा आधी बोटं ठेवायचे, तुला आठवत असेल. आपल्याला ती मायेची सवय वाटायची. ते थरथर पाहत असतात. थरथर लागली नाही तर आत गुठळी असू शकते, मग सुई घालायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. सुया दोन, जाड, आणि त्याच हातावर आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं. एका सुईतून रक्त निघतं, दुसरीतून परत जातं. मी विचारलं, हात बसायला किती दिवस लागले? ते म्हणाले, हात काही महिन्यांत बसतो, पण पहिल्यांदा सुई चुकून हात फुगला आणि तो पेशंट दोन दिवसांनी पुन्हा समोर येऊन बसला, त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत बघायला जास्त वेळ लागला. मनू, असं उत्तर मिळालं की पेन खाली ठेव आणि नुसतं ऐक. लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस.

सगळे पेशंट मशीनवर लागले की बाहेरून हॉल शांत दिसतो. आपण तेवढंच पाहिलंय. त्या वेळात दर अर्ध्या तासाने किंवा तासाने बीपी घेऊन शीटवर लिहायचं आणि अलार्म ऐकायचे. कुठला अलार्म पेशंटने हात वाकवल्याचा, कुठला नळीत गुठळी धरल्याचा, हे काही दिवसांनी आवाज आणि पडद्यावरचा आकडा मिळून कळायला लागतं. पेशंट सारखी जांभई द्यायला लागला, घाम आला, गप्प झाला, की बीपी मोजायच्या आधीच दादा पाणी काढणं थांबवतात, पाय वर करतात, सलाइन सोडतात आणि डॉक्टरांना कळवतात. लाइट गेली तर मशीनची बॅटरी थोडा वेळ रक्ताचा पंप चालवते, नाहीतर हँडल लावून पंप हाताने फिरवावा लागतो, म्हणजे नळीतलं रक्त गोठत नाही. 'कधी फिरवलाय का?' हे विचारायला विसरू नकोस. उत्तर काहीही येवो, त्यातून त्या जागेबद्दल बरंच कळतं.

आणि मग अकराच्या आसपास पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी दारात उभी असते. दिवसातला सगळ्यात कठीण तास तोच, असं दादा म्हणाले. एकाचं रक्त परत द्यायचं, सुया काढून जागा दाबून धरायची, उठताना चक्कर येते का ते बघायचं, पुन्हा वजन, सुया पांढऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत, खुर्ची आणि मशीन पुसायचं, मशीन जंतुनाशकावर टाकायचं, आणि लगेच पुढच्याचं प्रायमिंग. बाहेर बसलेले नातेवाईक घड्याळ दाखवत असतात. मी विचारलं, जेवण कधी? म्हणाले, दुसरी शिफ्ट लागल्यावर, आणि तेही आळीपाळीने.

हे झालं एका माणसाचं एका जागेवरचं. इथेच थांबलीस तर फसशील, कारण यातलं कामाचं काय आणि त्या हॉस्पिटलचं काय हे वेगळं करता येत नाही. म्हणून दुसरा माणूस मुद्दाम वेगळ्या प्रकारच्या जागेचा निवड. एक ट्रस्टच्या किंवा छोट्या खासगी सेंटरमधला असेल, तर दुसरा जिल्हा रुग्णालयातला बघ. केंद्राच्या 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत युनिट आली, आणि त्यांतली बरीचशी खासगी संस्था चालवतात. तिथे टेक्निशियनचा पगार नेमकं कोण देतं हेही त्यालाच विचार. दोघांनाही तोच प्रश्न त्याच क्रमाने टाक. दोघांच्या उत्तरांत जे सारखं येईल ते कामाचं, जे वेगळं येईल ते जागेचं.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने हेच केलं होतं. पहाटेचं येणं, पाण्याचं रजिस्टर, शिफ्ट बदलतानाची धावपळ आणि सणाला सुट्टी नसणं, हे दोन्हीकडे सारखं निघालं. सणाचं नीट लक्षात घे. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पेशंटची सोमवारी दिवाळी असली तरी त्याचं डायलिसिस गुरुवारवर ढकलता येत नाही. वेगळं निघालं ते असं: एका ठिकाणी डायलायझर एकदा वापरून टाकून देत, दुसऱ्या ठिकाणी तोच डायलायझर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरत. त्यामुळे दुसरीकडच्या टेक्निशियनचा दिवसातला बराच वेळ धुण्याच्या खोलीत, वास येणाऱ्या रसायनाजवळ जाई. नाव पुन्हा पुन्हा पडताळायचं आणि आतली जागा मूळच्या 80 टक्क्यांखाली गेली की तो डायलायझर बाद करायचा, हे सगळं त्यालाच बघावं लागे. एका ठिकाणी योजनेचे कागद आणि फोटो अपलोड करायला वेगळा माणूस होता, दुसरीकडे तेही टेक्निशियनच करायचा. त्या मुलीला रसायनाच्या वासाने दम लागतो. ती या क्षेत्रातून मागे फिरली नाही, पण नोकरी शोधताना पहिला प्रश्न कुठला विचारायचा ते तिला कळलं.

जमलं तर तिसरा, हे काम सोडून दुसरीकडे गेलेला माणूस शोध. मशीन विकणाऱ्या कंपन्यांत असे लोक असतात, हॉस्पिटलमध्ये जाऊन नव्या स्टाफला मशीन शिकवणारे. त्यांना 'का सोडलंत' असं सरळ विचारलं तर ते पगार सांगतील, आणि तो खराही असेल. त्याबरोबर हेही विचार: 'सोडायचं ठरवलंत त्या महिन्यात कामावर काय चाललं होतं?' आणि ऐकताना एवढं लक्षात ठेव की सोडून गेलेला कडवट बोलू शकतो आणि टिकलेला अभिमानाने. कोणी काय केलं ते दोघांकडूनही घे, कसं वाटलं ते वेगळं लिहून ठेव. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे घडलेलं, उजवीकडे वाटलेलं. उजवी बाजू भरली आणि डावी रिकामी राहिली, तर पुन्हा फोन करून कालचा दिवस विचारायचा.

आता निरोप कसा टाकायचा. आजोबांच्या वेळच्या दादांना मी विचारलं, ते तुझ्याशी बोलायला तयार आहेत. नंबर वेगळा पाठवते. पण तुझ्यासाठी वेळ मी ठरवणार नाही, मेसेज तूच कर. काहीसा असा:

'नमस्कार सर, मी मनू, माझे आजोबा तुमच्याकडे डायलिसिसला यायचे. मी बारावीनंतर डायलिसिस टेक्नॉलॉजीला प्रवेश घ्यावा का याचा विचार करते आहे. तुमचा कामाचा एक दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. ड्यूटी नसताना वीस मिनिटं फोनवर किंवा भेटून बोलता येईल का? नोकरी किंवा प्रवेशासाठी शब्द टाका असं मी म्हणणार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नकोस. मुलगी ओळख काढून चिकटायला आली आहे असं वाटलं की माणूस सावध होतो आणि माहितीपत्रकासारखं बोलायला लागतो. मेसेज दुपारी दोन-तीनच्या सुमारास टाक, पहाटे आणि अकराला नको. का ते आता तुला कळलंच असेल. आणि हॉलमध्ये उभं राहून बोलू नकोस, ते म्हणाले तरी. त्यांचं अर्धं लक्ष अलार्मकडे असणार, आणि तसंच असायला हवं.

वीस मिनिटं मागितली की विसाव्या मिनिटाला तू थांबायचं. 'वेळ झाली सर, तुम्हाला जायचं असेल' म्हण. पुढे बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

पगार शेवटी विचार, आणि त्यांचा विचारू नकोस. 'नवीन लागणाऱ्याला आपल्या भागात साधारण कितीपासून कितीपर्यंत मिळतं? रात्रीच्या इमर्जन्सी कॉलचे वेगळे मिळतात का?' असं. रात्रीचा कॉल हा मुलींनी तर नक्की विचारायचा प्रश्न आहे: महिन्यातून किती वेळा येतो, घरून न्यायला गाडी येते का, युनिटमध्ये सोबत कोण असतं. या कामात रक्ताशी रोजचा संबंध आहे, म्हणून हिपॅटायटिस बीची लस आणि त्यानंतरची अँटिबॉडीची तपासणी हॉस्पिटल करून देतं की ज्याची त्याने करायची, तेही विचारून घे. सुई टोचली तर पुढे काय करतात, हे ते न अडखळता सांगू शकले तर ती जागा जबाबदार आहे.

एक प्रश्न तुला विचारावासा वाटेल आणि धीर होणार नाही, म्हणून मीच लिहिते. हे पेशंट वर्षानुवर्षं त्याच वारी त्याच खुर्चीत येतात, आणि एक दिवस येत नाहीत. आजोबांच्या नंतर दादा घरी आले होते, तू होतीस तेव्हा. त्यांना विचार की अशा दिवशी ते पुढच्या पेशंटला कसे लावतात. ते सांगतील. मला वाटतं, तुझा निर्णय इतर सगळ्या माहितीपेक्षा या उत्तरावर जास्त ठरेल. कारण पहाटे उठणं आणि वासाची सवय होते, याची सवय तुला व्हावी की नाही हेच आधी ठरवावं लागेल.

भेट झाली की त्याच रात्री वही पुरी कर, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. आणि त्यांना दोन ओळींचं आभाराचं लिही, पण नुसतं 'थँक यू सर' नको. त्यांनी सांगितलेल्यातलं जे तुला आधी अजिबात माहीत नव्हतं ते एक लिही. फॉर्मची शेवटची तारीख 30 आहे, तेव्हा दोन्ही भेटी त्याच्या आठवडाभर आधी उरक. डाव्या बाजूच्या पानांचे फोटो मला पाठव. बाबा आणि मी वाचू, पण विचारल्याशिवाय काही बोलणार नाही.

तुझी,
आई